पडद्यावर २.४, मीटरवर २.६६: सीआरओच्या फोटोवरून लहरीचा प्रकार आणि आयाम कसा वाचावा?

शारदा_भौतिक

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत हिरव्या पडद्याचा एक जुना सीआरओ आहे. पडद्यावर उभी आठ आणि आडवी दहा घरे आहेत आणि मधल्या रेषांवर प्रत्येक घराचे पाच लहान भाग पाडलेले आहेत. एका विद्यार्थ्याने फंक्शन जनरेटरवर साईन, स्क्वेअर आणि ट्रँगल अशी तीन बटणे एकामागून एक दाबून पडद्याचे तीन फोटो मोबाईलवर काढले आणि प्रयोगवहीत चिकटवले. लहर बदलताना जनरेटरचे आयामाचे बटण हलवले नव्हते, असे तो सांगतो. फोटोत फक्त पडदा आहे, बटणे दिसत नाहीत. मात्र वहीत VOLTS/DIV १ वर आणि TIME/DIV ०.२ मिलिसेकंदावर असल्याची नोंद आहे. प्रत्येक वेळी त्याच टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे वाचनही त्याने लिहून ठेवले आहे.

तिन्ही फोटोंत एक पूर्ण दोलन पाच घरांत बसते, म्हणजे वारंवारता १ किलोहर्ट्झ आहे, याबद्दल आमच्यात वाद नाही. वाद पुढच्या तीन गोष्टींवर आहे.

पहिली गोष्ट अशी की पहिला आणि तिसरा फोटो पुसट आहेत आणि वहीत कोणता साईनचा व कोणता ट्रँगलचा हे लिहायचे राहून गेले आहे. "टोक टोकदार दिसते" यापेक्षा भक्कम खूण असते का? दुसरी गोष्ट, पहिल्या फोटोत लहर मधल्या रेषेच्या वर २.६ घरे आणि खाली २.२ घरे जाते. विद्यार्थ्याने आयाम २.६ व्होल्ट लिहिला आहे, माझ्या मते तो २.४ हवा. तिसरी गोष्ट मलाही सुटलेली नाही. मीटरची वाचने अनुक्रमे १.७०, २.६६ आणि १.३३ अशी आहेत. आयाम २.४ धरला तर साईनचे आरएमएस मूल्य १.७० येते आणि ते जुळते. पण स्क्वेअरचे २.४० यायला हवे होते आणि ट्रँगलचे १.३९. दोन्ही जुळत नाहीत, आणि एक जास्त तर दुसरे कमी आहे. चूक फोटो वाचण्यात आहे की मीटरमध्ये?

ओहमपती

मॅडम, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडे हाच प्रकार झाला होता. VOLTS/DIV च्या बटणाच्या मध्यभागी एक लहान बटण असते. ते CAL या खुणेवर पूर्ण फिरवून ठेवलेले नसेल तर पडद्यावरचे घर एक व्होल्टचे राहत नाही, ते कितीही व्होल्टचे असू शकते, आणि फोटोवरून हे कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. तेव्हा चूक पडद्याची आहे आणि मीटर बरोबर आहे. मीटरच्या वाचनाला सरळ ०.७०७ ने भागा, खरा आयाम मिळेल.

लंबक

ओहमपती, तुमच्या हिशोबाने एकाच बटणावर आयाम २.४०, ३.७६ आणि १.८८ असा तीन प्रकारचा झाला. जनरेटरच्या अंगात आले असावे.

जुना_सोल्डर

शारदाताई, मी तीस वर्षे मोजमापाच्या उपकरणांची दुरुस्ती केली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ओहमपतींनी सांगितलेले लहान बटण ही खरी अडचण आहे आणि ते तपासल्याशिवाय कोणत्याही फोटोवरून व्होल्ट सांगू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु तुमच्या प्रकरणात ते कारण नाही. ते बटण सरकलेले असते तर तिन्ही लहरी एकाच प्रमाणात चुकल्या असत्या. साईन अगदी अचूक जुळते, स्क्वेअर अकरा टक्क्यांनी जास्त येते आणि ट्रँगल चार टक्क्यांनी कमी येते, असे त्या बटणाने होऊ शकत नाही. आणि ०.७०७ हा आकडा फक्त साईनचा आहे. तो बाकी दोघांना लावता येत नाही.

आता २.६६ या आकड्याकडे पाहा. आरएमएस मूल्य शिखराच्या मूल्यापेक्षा मोठे कधीच असू शकत नाही. स्क्वेअर लहरीत ते जास्तीत जास्त शिखराइतकेच होते. पडद्यावर शिखर २.४ आणि मीटरवर २.६६ असेल, तर मीटर जे दाखवतो ते आरएमएस नाहीच. स्वस्त मल्टिमीटर लहरीची खालची बाजू वर उलटवून तिची सरासरी काढतो आणि त्या सरासरीला १.११ ने गुणून आकडा दाखवतो. साईनसाठी हा गुणाकार बरोबर आरएमएस देतो, कारण १.११ हा आकडा साईन गृहीत धरूनच काढलेला आहे. स्क्वेअरची सरासरी शिखराइतकीच म्हणजे २.४ असते, तिला १.११ ने गुणले की २.६६. ट्रँगलची सरासरी शिखराच्या निम्मी म्हणजे १.२ असते, तिला १.११ ने गुणले की १.३३. तुमचे तिन्ही आकडे दशांशापर्यंत जुळतात. पडदा बरोबर आहे, विद्यार्थ्याने मीटर वाचलाही बरोबर आहे. फक्त त्या मीटरवर ट्रू आरएमएस असे लिहिलेले नसणार.

यातून तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळते. ज्या फोटोसोबत १.३३ लिहिले आहे तो ट्रँगलचा आहे.

शारदा_भौतिक

मनापासून आभार. मीटर आत्ताच हातात घेऊन पाहिला, त्यावर तसे काहीही लिहिलेले नाही. मी इतकी वर्षे साईनवरच पडताळा घेत आले, त्यामुळे हे कधी उघडच झाले नाही. पण समजा मीटरची नोंद नसती आणि फक्त फोटोच असते, तर पहिला आणि तिसरा वेगळा कसा ओळखायचा?

शिवारातला

माझाही प्रश्न याच विषयाचा आहे. आमच्या शेतघरात इन्व्हर्टर आहे. त्यावर पंखा घुं घुं आवाज करतो आणि दुकानदार म्हणतो की तो साईन वेव्ह आहे. पुतण्याने कॉलेजातून लहान पडद्याचा स्कोप आणला आहे. त्याची सुई फेजला आणि चिमटा न्यूट्रलला लावून फोटो काढला, तर तो इथे टाकल्यास लहर कोणती ते आपण सांगाल का?

जुना_सोल्डर

शिवारातला, कृपया तसे अजिबात करू नका. स्कोप वीजमंडळाच्या प्लगवर चालणारा असेल तर त्याचा चिमटा आतून थेट अर्थिंगला जोडलेला असतो. फेज आणि न्यूट्रल कोणत्या खाचेत आहेत याचा अंदाज चुकला, तर तो चिमटा २३० व्होल्ट थेट अर्थिंगवर टाकेल. बॅटरीवर चालणारा असला तरी त्याचे धातूचे भाग जिवंत होऊ शकतात आणि त्याची आत घेण्याची मर्यादा बहुधा इतकी नसते. एखाद्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून २३० व्होल्टचे ६ व्होल्ट करणारा लहान ट्रान्सफॉर्मर त्यानेच नीट बंदिस्त करून घ्या आणि ६ व्होल्टच्या बाजूवर स्कोप लावा. लहरीचा आकार त्यातून पुरेसा कळतो. व्होल्ट मात्र त्यावरून सांगू नका, कारण भार नसताना असा ट्रान्सफॉर्मर सहापेक्षा जास्तच देतो.

शारदाताई, तुमच्या प्रश्नाकडे वळतो. मी टोकाकडे पाहतच नाही. टोक हीच पुसट फोटोतली सर्वांत बेभरवशाची जागा असते, कारण रेषेची जाडी आणि मोबाईलची चमक दोन्ही तिथे गोळा होतात. मी लहरीची रुंदी पाहतो, आणि तीही एका ठरावीक उंचीवर.

लहरीचा तळ आणि शिखर शोधा. तुमच्याकडे त्यांच्यात ४.८ घरे आहेत. तळापासून तीन-चतुर्थांश उंचीवर, म्हणजे ३.६ घरांवर, एक आडवी रेषा पट्टीने आखा. ही रेषा लहरीच्या खऱ्या मध्याच्या वर, शिखराच्या निम्म्या उंचीवर येते. आता लहर या रेषेच्या वर किती घरे राहते ते मोजा. साईन लहर एका दोलनाचा एक-तृतीयांश काळ या रेषेच्या वर असते, ट्रँगल एक-चतुर्थांश आणि स्क्वेअर निम्मा काळ. तुमचे दोलन पाच घरांचे आहे, म्हणजे साईनला साधारण १.७ घरे, ट्रँगलला १.२५ आणि स्क्वेअरला २.५ घरे यायला हवीत. साईन आणि ट्रँगल यांच्यातला फरक दोन लहान भागांइतका आहे. पुसट फोटोतही तो सुटत नाही.

शारदा_भौतिक

छापील फोटोवर पेन्सिलीने आखून मोजले. पहिल्यात जेमतेम १.७ आले. तिसऱ्यात मात्र मला १.४ येते आहे, जे ना इकडचे ना तिकडचे. शिवाय तिसऱ्या फोटोत तळ ते शिखर अंतर ४.८ नसून ४.६ दिसते.

तर्कटराव

या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. जनरेटरवर सिमेट्रीचे बटण असते. ते ओढले की ट्रँगल करवतीच्या दात्यासारखी तिरकी होते आणि स्क्वेअरची वरची बाजू खालच्यापेक्षा अरुंद होते. अरुंद केलेली स्क्वेअर त्या रेषेच्या वर नेमका एक-तृतीयांश काळ राहू शकते. मग काका तिला साईन म्हणणार का?

जुना_सोल्डर

तर्कटराव, आक्षेप अर्धा योग्य आहे. ट्रँगल कितीही तिरकी केली तरी दोन्ही उतार सरळ असतील तोवर वरच्या चौथाईत ती एक-चतुर्थांश काळच राहते. कागदावर दोन-तीन तिरके त्रिकोण काढून पाहा. म्हणजे रुंदी मोजून करवती दाता आणि सरळ ट्रँगल यांच्यात भेद करता येणार नाही, पण ते काम डोळाच करतो. अरुंद स्क्वेअरबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे. त्यासाठी दुसरी रेषा तळापासून पाव उंचीवर आखून तिच्या खालची रुंदीही मोजावी. साईनमध्ये दोन्ही रुंद्या सारख्या असतात, तुमच्या अरुंद स्क्वेअरमध्ये खालची जवळपास दुप्पट येईल. तसे पाहिले तर पडद्यावर स्क्वेअर ओळखण्यासाठी पट्टी लागतच नाही.

मृदुला_ता

पट्टी लागत नाही असे कसे म्हणता? प्रथम वर्षाच्या विज्ञान शाखेत मी स्क्वेअरचा फोटो पाहून "दोन वेगवेगळे डीसी सिग्नल, एक वर आणि एक खाली, तुटक रेषांत" असे वहीत लिहिले होते. उभ्या रेषा दिसतच नव्हत्या. सरांनी त्या वहीचे वर्गात जाहीर वाचन केले होते.

जुना_सोल्डर

मृदुलाताई, तुम्ही पाहिले ते खरेच होते, अर्थ तेवढा चुकला. आणि त्यातच साईन-ट्रँगल ओळखण्याची दुसरी खूण दडलेली आहे, जी मी पट्टीपेक्षाही आधी पाहतो.

जुन्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा ठिपका प्रत्यक्ष धावत असतो. जिथे तो सावकाश जातो तिथे रेषा ठळक उमटते आणि जिथे धावतो तिथे फिकट होते. स्क्वेअरमध्ये वरून खाली येताना तो इतका झपकन येतो की उभी रेषा उमटतच नाही, म्हणून तुम्हाला दोन तुटक ओळी दिसल्या. साईनमध्ये तो शिखराजवळ आणि तळाजवळ रेंगाळतो आणि मधून पळतो. शारदाताईंच्या आकड्यांवर हिशोब केला तर मध्यावर त्याचा वेग शिखरावरच्या वेगाच्या तिपटीहून थोडा जास्त येतो. म्हणजे साईनची शिखरे आणि तळ उजळ आणि मधला चढउतार फिकट दिसला पाहिजे. ट्रँगलमध्ये ठिपका चढताना आणि उतरताना एकाच वेगाने जातो, म्हणून तिची रेषा खालपासून वरपर्यंत सारख्याच उजेडाची असते.

ताई, तिसरा फोटो याच नजरेने पाहा. मात्र पडद्याची तीव्रता खूप वाढवून फोटो काढला असेल तर मोबाईल सगळीच रेषा पांढरीफटक करून टाकतो आणि ही खूण पुसली जाते.

अनु_बंगळूर

काकांची ही खूण जुन्या नळीच्या सीआरओपुरती आहे, हे नव्या वाचकांनी लक्षात घ्यावे. मी रोज डिजिटल स्कोपवर काम करते. साधा डिजिटल स्कोप मोजलेले बिंदू सरळ रेषांनी जोडून सगळी लहर एकाच उजेडात काढतो आणि स्क्वेअरची उभी बाजूही ठळक दाखवतो. काही महाग स्कोप उजेडाची नक्कल करतात, पण त्यावर मी विसंबत नाही.

डिजिटल स्कोपच्या फोटोचा फायदा असा की पडद्याच्या खालच्या बाजूला CH1 1.00V असे घराचे मूल्य लिहून येते, त्यामुळे बटणांचा वेगळा फोटो लागत नाही. पण तो आकडाही आंधळेपणाने घेऊ नये. प्रोबच्या दांड्यावर 1X आणि 10X अशी सरकपट्टी असते आणि स्कोपच्या मेनूत तेच वेगळे सांगावे लागते. दांडा 10X वर आणि मेनू 1X वर राहिला तर पडद्यावर लिहिलेला आकडा खऱ्याच्या एक-दशांश असतो, आणि फोटोत दांडा दिसत नाही. मी एकदा ५ व्होल्टच्या सर्किटचा फोटो पाहून "तुमचा पुरवठा अर्ध्या व्होल्टवर पडला आहे" असे ठामपणे लिहून पाठवले होते. समोरच्याने विनम्रपणे विचारले की मग त्यावरचा दिवा कसा पेटतो.

ओहमपती

काका, माझी चूक मान्य. पण एक शंका अजून आहे. आमच्या लॅबमधल्या जनरेटरच्या खिडकीत 2.4 Vpp लिहिलेले असते आणि स्कोपवर बरोबर ४.८ दिसते. म्हणजे मॅडमच्या फोटोतही खरी लहर २.४ ची असून पडदा दुप्पट दाखवत असेल का?

अनु_बंगळूर

ओहमपती, तुमचा पडदा बरोबर आहे, खिडकीतला आकडा एका अटीवर बरोबर आहे. बहुतेक जनरेटरच्या आत ५० ओहमचा रोध असतो आणि बाहेरही ५० ओहमचा भार जोडला जाईल असे धरून तो आकडा दाखवतो. तेव्हा निम्मा दाब आतच खर्च होतो. स्कोपचा रोध १० लाख ओहम असतो, आत काहीच खर्च होत नाही आणि पूर्ण दुप्पट लहर बाहेर येते. मेनूत भाराची निवड High Z अशी केली की दोन्ही आकडे जुळतात. शारदाताईंच्या मीटरने त्याच टोकांवर १.७० दाखवले आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

शारदा_भौतिक

तिसऱ्या फोटोची रेषा वरपासून खालपर्यंत सारखीच आहे आणि पहिल्याची शिखरे स्पष्टपणे उजळ आहेत. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून शिपाईमामांना विचारले की कशात काय वेगळे दिसते. त्यांनी लगेच सांगितले, "ह्याला वर-खाली जास्त शाई लागलीय." हे माझ्या नजरेतून इतकी वर्षे कसे सुटले, कोण जाणे.

२.६ आणि २.४ च्या वादावर कोणी लिहिलेले नाही. विद्यार्थी हट्टाला पेटला आहे.

तर्कटराव

विद्यार्थ्याची बाजू मी घेतो. मधली रेषा ही शून्याची रेषा असेल तर लहर खरोखरच शून्यापासून २.६ व्होल्टपर्यंत चढते. मग त्याचे काय चुकले?

जुना_सोल्डर

चुकले ते "असेल तर" यात. पडद्याची मधली रेषा ही शून्याची रेषा नसते. POSITION चे बटण जरा फिरवले की सगळी लहर वर किंवा खाली सरकते आणि तिच्यात काहीच बदलत नाही. शून्य कुठे आहे हे कळण्यासाठी निवडीची खीळ GND वर नेऊन सपाट रेषा कुठे पडते ते पाहावे लागते आणि तिचाही फोटो घ्यावा लागतो. तो फोटो नाही, म्हणून या लहरीत ०.२ व्होल्टचा डीसी मिसळलेला आहे की फक्त बटण सरकलेले आहे, हे मला किंवा विद्यार्थ्याला सांगता येणार नाही. शिवाय खीळ AC वर असेल तर डीसी असूनही पडद्यावर दिसणार नाही. आयाम मात्र दोन्ही परिस्थितींत तळ ते शिखर अंतराच्या निम्मा, म्हणजे २.४ व्होल्टच आहे.

अंतर मोजतानाही एक काळजी घ्यावी. रेषा स्वतःच एका लहान भागाइतकी जाड असते. शिखरावर रेषेची वरची कड धरली तर तळाशीही वरचीच कड धरावी. वरची कड ते खालची कड असे मोजले की ४.८ चे ५.० होतात आणि चार टक्क्यांची चूक फुकट पदरात पडते.

लंबक

कापड मोजतानाही दुकानदार हेच करतो, फक्त उलट्या दिशेने.

मृदुला_ता

माझा एक प्रश्न जोडते. मोबाईल तिरका धरून फोटो काढला तर वरची घरे लहान आणि खालची मोठी दिसतात. मग ही सगळी मोजमापे बाद होतात का?

अनु_बंगळूर

पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजाल तर बाद होतात. फोटोतल्याच घरांच्या रेषांवर मोजाल तर बऱ्याच अंशी टिकतात, कारण लहर आणि घरे दोन्ही सारखीच वाकडी होतात. अट एवढीच की घरांच्या रेषा नळीच्या काचेवर आतून कोरलेल्या असाव्यात. फार जुन्या सीआरओंवर त्या पुढे बसवलेल्या प्लास्टिकच्या तक्त्यावर असतात. तिथे तिरक्या फोटोत लहर रेषांपासून बाजूला सरकलेली दिसते आणि त्यावर फोटो हाती आल्यावर करण्यासारखे काही उरत नाही.

शारदा_भौतिक

आमच्या पडद्यावरच्या रेषा काचेवरच आहेत. यावरून आठवले, दुसऱ्या फोटोत स्क्वेअरच्या सपाट बाजू उजवीकडे किंचित उतरत जातात. पडद्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एक लहान भागाइतका फरक आहे. घरांच्या रेषा मात्र सरळ आहेत.

ओहमपती

ही खीळ AC वर असण्याची खूण आहे. आतल्या कपॅसिटरमुळे स्क्वेअरचा माथा उतरतो. हे मी यावेळी खात्रीने सांगतो.

जुना_सोल्डर

ओहमपती, कारण खरे आहे, पण आधी दोन गोष्टी पाहाव्यात. कपॅसिटरमुळे माथा उतरतो तेव्हा तळ चढतो. दोन्ही मध्याकडे झुकतात, आणि प्रत्येक दोलनात नव्याने झुकतात. ताई म्हणतात त्याप्रमाणे वरच्या आणि खालच्या सगळ्या बाजू मिळून एकाच उताराने डावीकडून उजवीकडे उतरत असतील, तर तो कपॅसिटर नव्हे. दुसरे, कपॅसिटरची मर्यादा साधारण १० हर्ट्झची धरली तरी १ किलोहर्ट्झवर माथा शेकडा तीनच उतरतो, म्हणजे ताईंच्या पडद्यावर एका घराच्या दहाव्या भागाहूनही कमी. तेवढे फोटोत दिसणार नाही. ५० हर्ट्झची स्क्वेअर असती तर माथा जवळजवळ निम्मा उतरलेला दिसला असता आणि तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले असते.

ताई, लहर खाली उतरते की वरच्या-खालच्या बाजू उलट झुकतात, एवढे सांगा. सगळे एकाच दिशेने झुकत असेल तर सपाट रेषा लावून पाहा. तीही तशीच तिरकी पडली तर पुढच्या फळीवर TRACE ROTATION नावाचा एक लहान स्क्रू असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे रेषा अशी कलते आणि सीआरओ दुसऱ्या टेबलावर हलवला तरी ती बदलते.

शिवारातला

दुरुस्तीवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर बंदिस्त करून आणला आणि पुतण्याने फोटो काढला. जुना_सोल्डर यांनी सांगितल्याप्रमाणे तीन-चतुर्थांश उंचीवर रेषा आखली. एक दोलन चार घरांचे आहे. वीजमंडळाच्या विजेवर रुंदी दीड घर आली आणि इन्व्हर्टरवर १.८ घरे. इन्व्हर्टरच्या लहरीत मध्ये शून्यावर थोडी सपाट पायरीही दिसते. दुकानदाराला काय सांगू?

जुना_सोल्डर

शिवारातला, छान काम केलेत. चार घरांच्या साईनला १.३ घरे हवीत. इन्व्हर्टरवर १.८ घरे, म्हणजे जवळजवळ निम्मा काळ, आणि मध्ये पायरी, तेव्हा ती साईन नाही. पायरी घातलेली स्क्वेअर आहे. पंखा त्यामुळेच घुमतो. वीजमंडळाच्या लहरीचे १.५ पाहून मात्र घाबरू नका. टीव्ही, संगणक, एलईडी दिवे लहरीच्या शिखरावरच वीज ओढतात, त्यामुळे शिखर चेपून थोडे सपाट होते आणि वरची रुंदी वाढते. अर्थात १.३ आणि १.५ मध्ये एकाच लहान भागाचा फरक आहे, तुमच्या मोजण्यातली चूकही तेवढी असू शकते.

शारदा_भौतिक

आज विद्यार्थ्याला सोबत घेऊन प्रयोग पुन्हा केला. लहान बटण CAL वरच होते. सपाट रेषाही तशीच तिरकी पडली आणि स्क्रू सापडला. स्क्रूड्रायव्हर उद्या आणणार आहोत. GND वर रेषा मध्याच्या ०.२ घरे वर पडली, म्हणजे २.६ आणि २.२ चा फरक डीसीमुळे नव्हता, बटणच सरकलेले होते. विद्यार्थ्याने २.६ स्वतःच खोडले.

तीव्रता कमी करून ट्रँगलचा नवा फोटो काढला. तीन-चतुर्थांश उंचीवरची रुंदी आता १.३ येते. पण तळ ते शिखर अंतर अजूनही ४.६ घरेच दिसते, आणि मीटर अजूनही १.३३ दाखवतो, ज्यावरून ते ४.८ असायला हवे.

जुना_सोल्डर

ट्रँगलच्या टोकाचा शेवटचा भाग ठिपका इतक्या थोड्या वेळात पार करतो की तो फिकट पडतो. माझा अंदाज असा की ०.१ ते ०.२ घर तिथेच हरवते.

तर्कटराव

मला हे पटत नाही. तुम्हीच म्हणालात की ट्रँगलची रेषा सगळीकडे सारख्या उजेडाची असते. मग टोकच कसे फिकट पडेल? जनरेटरमध्येच ट्रँगलची टोके गोल झालेली असतील आणि तिचा आयाम खरोखर थोडा कमी असेल.

अनु_बंगळूर

आयाम खरोखर २.३ असता तर मीटरने साधारण १.२८ दाखवायला हवे होते. टोके गोल झाल्याने सरासरी फारशी घटत नाही हे मान्य, तरी ०.०५ चा फरक दिसला पाहिजे. TIME/DIV कमी करून फक्त एक टोक पडद्यावर पसरून पाहिले तर ते गोल आहे की नाही ते लगेच कळेल.

शारदा_भौतिक

उद्या स्क्रू फिरवून झाला की TIME/DIV २० मायक्रोसेकंदांवर नेऊन टोकाचा फोटो काढू. विद्यार्थ्याने काकांच्या बाजूने वडापावची पैज लावली आहे, मी तर्कटरावांच्या बाजूने.